बीसीसीत असाल तर ‘रिप्लाय ऑल’ दाबू नका

एखादी मेल येते. वरती टू मध्ये कुणी तिसराच, सीसीमध्ये चौथा, आणि आपलं नाव कुठेच नाही. बहुतेक जण हे न बघताच मजकूर वाचतात आणि उत्तर लिहायला घेतात. माझं कळकळीचं म्हणणं आहे की आधी वरची ती एक ओळ वाचा. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली छोटा बाण असतो, तो दाबला की बहुतेक वेळा `bcc: me` असं स्वच्छ दिसतं.

बीसीसी म्हणजे बाकीच्यांना न दिसता पाठवलेली प्रत. ही सोय चालते कशी ते सांगतो. मेलला पाकीट वेगळं आणि आतला कागद वेगळा. टू आणि सीसी कागदावर लिहिलेले असतात, ते सगळ्यांना दिसतात. बीसीसीतला पत्ता फक्त पाकिटावर असतो. सर्व्हर तो वाचून मेल तुमच्यापर्यंत पोचवतो, पण बाकीच्यांच्या कागदावर त्याची खूण राहत नाही. ‘रिप्लाय ऑल’ मात्र कागद वाचून चालतं: पाठवणारा, टू आणि सीसी, एवढ्यांना तुमचं उत्तर जातं. म्हणजे ज्यांना तुम्ही वाचताय हे माहीतच नव्हतं, नेमक्या त्यांनाच. आणि तुमच्यासारखेच आणखी कुणी बीसीसीत असतील, तर त्यांना ते पोचतच नाही.

आमच्या सोसायटीत हे घडलं तेव्हा मी कमिटीवर होतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम झालं होतं आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता बाकी होता. पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर परत ओल आली. सेक्रेटरींनी ठेकेदाराला मेल केली की दुरुस्ती करून दाखवा, मगच हप्ता देऊ. सीसीमध्ये अध्यक्ष, बीसीसीमध्ये खजिनदार. खजिनदारांनी मोबाईलवर वाचून सगळ्यांनाच उत्तर धाडलं: फार ताणायला नको, दुसरीकडून काम करून घेतलं तर खर्च वाढेल, वीस हजार कापून बाकीचे देऊन टाकू.

ठेकेदाराला आमचा शेवटचा आकडा फुकटात कळला, आणि दुरुस्तीची घाई त्याला उरली नाही. पण मला त्याहून मोठं नुकसान वाटतं ते विश्वासाचं. पुढे तो काहीही लेखी द्यायला तयार होईना, सगळं फोनवर. “तुमच्याकडे माझ्या मेल आणखी कोण कोण वाचतं?” असं त्यानं विचारलं तेव्हा सेक्रेटरींकडे उत्तर नव्हतं. अध्यक्षही दुखावले. खजिनदारांना प्रत जातेय हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि ती माझ्यापासून का लपवली, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. खजिनदारांचं मत चुकीचं नव्हतं. तेच त्यांनी एकट्या सेक्रेटरींना कळवलं असतं तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं.

बीसीसीतल्या माणसाला पुढचा संवादही दिसत नसतो. ठेकेदारानं सगळ्यांना उत्तर दिलं तरी ते खजिनदारांना जात नाही. अशा अर्धवट माहितीवर सगळ्यांसमोर मत देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. म्हणून साधा ‘रिप्लाय’ द्या, फक्त पाठवणाऱ्याला. बोलायचं फारच महत्त्वाचं असेल तर त्याला फोन करून विचारा की मला उघडपणे यात घेता का.

एक खबरदारी. नाव दिसत नाही म्हणजे बीसीसीच, असं नेहमी नसतं. कमिटीच्या सामायिक पत्त्यावर आलेली मेलही तुम्हाला अशीच मिळते, आणि तो पत्ता टू मध्ये दिसत असतो. तिथे तुम्ही लपलेले नसता.

चुकून पाठवलीच, तर जीमेलमध्ये `Undo` चं बटण काही सेकंदच दिसतं. सेटिंग्जमध्ये ही मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते, आजच वाढवून ठेवा. ती टळली की मेल समोरच्याच्या खात्यातून परत ओढता येत नाही. मग लगेच पाठवणाऱ्याला फोन करा, त्याला ते ठेकेदाराकडून कळायला नको.

पण सगळा दोष उत्तर देणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. कुणाला नुसतं माहितीसाठी कळवायचं असेल तर बीसीसी वापरूच नये. आधी मूळ मेल पाठवावी, मग `Sent` मधून तीच त्या माणसाला फॉरवर्ड करावी, वर एक ओळ लिहून: “तुमच्या माहितीसाठी, ठेकेदाराला हे कळवलंय.” फॉरवर्डवर त्यानं ‘रिप्लाय ऑल’ दाबलं तरी उत्तर फॉरवर्ड करणाऱ्याकडेच येतं, कारण जुने पत्ते तिथे नुसता मजकूर म्हणून उरलेले असतात. आमच्या कमिटीत आता असंच करतात. बीसीसी फक्त सगळ्या सभासदांना जाणाऱ्या नोटिशीसाठी राहिलं आहे: टू मध्ये सोसायटीचाच पत्ता, सभासद सगळे बीसीसीत. कुणाचा पत्ता कुणाला दिसत नाही, आणि कुणी ‘रिप्लाय ऑल’ केलं तरी ते सोसायटीकडेच येतं.