‘समरी रुग्णासाठी नसतेच’ या प्रतिक्रियेला उत्तर

*“डिस्चार्ज समरी पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेली असते, रुग्णासाठी नव्हे. तिचं ‘सोपं’ रूपांतर करताना तुम्ही माहिती गाळता, आणि गाळलेलंच नेमकं अंगाशी येतं. धोक्याची लक्षणं मोठ्या अक्षरांत छापली की लोक घाबरून मध्यरात्री कॅज्युअल्टीत येतात, हे मी नेहमी बघतो. त्या कागदात चूक निघाली तर जबाबदार कोण? समरी नीट समजावून सांगितली तर दुसऱ्या कागदाची गरजच नाही.”*

डॉक्टर, घरी जाणाऱ्या रुग्णासाठी मी डिस्चार्ज समरीवरून सोप्या भाषेत एक वेगळा कागद तयार करते; औषधं, धोक्याची लक्षणं आणि पुढची तपासणी असे त्याचे तीन भाग असतात. त्या कागदावरच्या तुमच्या प्रतिक्रियेतला गाळण्याचा मुद्दा मी वादाशिवाय मान्य करते, कारण ती चूक माझ्या हातून झालेली आहे.

हृदय कमजोर झाल्यामुळे अंगात पाणी साठलेले एक गृहस्थ घरी चालले होते. समरीत ओळ होती : फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ, १-१-०. मी कागदावर लिहिलं, ‘लघवीची गोळी : दिवसातून दोन वेळा, एक-एक’. वाक्य स्वच्छ होतं, कुणालाही कळेल असं होतं आणि चुकीचं होतं. दोन वेळा म्हणजे सकाळ-संध्याकाळ असं त्यांनी धरलं आणि दुसरी गोळी रात्रीच्या जेवणानंतर घेऊ लागले. चार रात्री दर तासा-दीड तासाला उठले आणि पाचव्या रात्री बाथरूममध्ये घसरले. समरीतले ते तीन आकडे सकाळ, दुपार आणि ‘रात्री नाही’ एवढं सगळं सांगत होते. सोपं करताना मी त्यातलं शून्य हरवलं. आता मी लिहिते : ‘सकाळी ८ वाजता १, दुपारी २ वाजता १. रात्री घेऊ नका, लघवीसाठी सारखं उठावं लागेल.’ हे मूळ ओळीपेक्षा लांब आहे. सोपं म्हणजे थोडक्यात, हा गैरसमज तुमचाही दिसतो आणि तेव्हा माझाही होता.

पण एक बाजू तुमच्या प्रतिक्रियेत आलेली नाही. समरी स्वतःही काही गाळते, आणि त्यात लिहिणाऱ्याची चूक नसते. आता काय घ्यायचं हे ती सांगते. घरात आधीपासून जे पडलेलं असतं त्याचं काय करायचं, यासाठी तिच्यात बहुतेकदा जागाच नसते. म्हणून मी शब्दांना हात लावण्याआधी तीन गोष्टी शेजारी मांडते : समरी, भरती होण्याआधी रुग्ण घेत असलेली औषधं आणि घरात प्रत्यक्ष असलेल्या पट्ट्या-बाटल्या. प्रत्येक औषधाच्या कपाळी चारांपैकी एक शब्द लागलाच पाहिजे : नवीन, डोस बदलला, पूर्वीसारखंच किंवा बंद. ज्याला यातला एकही शब्द लावता येत नाही, तो प्रश्न फोनवरून वॉर्डातल्या डॉक्टरकडे जातो. मी अंदाज करत नाही.

एक उदाहरण नीट सांगते, कारण सगळी गंमत तपशिलात आहे. अडुसष्ट वर्षांच्या आजी, हृदय कमजोर झाल्याचाच आजार. समरीत पाच औषधं होती : फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, बिसोप्रोलॉल आणि पॅरासिटामॉल ‘एसओएस’. मी मुलाला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. पिशवीतून तीन गोष्टी निघाल्या : गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन, पोटॅशियमचं सिरप आणि फ्युरोसेमाइडचीच जुनी पट्टी, पण वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या नावाची.

आता आजींनी समरीतली ओळन् ओळ पाळली असती तरी काय झालं असतं? जुनी पट्टी ‘आपली नेहमीची गोळी’ म्हणून चालू राहिली असती आणि फ्युरोसेमाइडचा डोस दुप्पट झाला असता. सिरप सुरू झालं होतं ते आजी नुसतं फ्युरोसेमाइड घेत होत्या तेव्हा, कारण त्या गोळीने लघवीवाटे पोटॅशियम जातं. आता सोबतीला आलेली स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल ही दोन्ही पोटॅशियम शरीरात राखून ठेवतात. त्यावर सिरप म्हणजे भरल्या हंड्यात पाणी ओतणं. आणि आयबुप्रोफेन मीठ-पाणी अंगात अडवतं, लघवीच्या गोळीचा जोर मोडतं आणि या औषधांच्या जोडीला मूत्रपिंडावरही ताण आणतं. या तिन्हींबद्दल समरीत अवाक्षर नव्हतं. रेसिडेंट डॉक्टरांना मी तीन प्रश्न विचारले. दोन मिनिटांत उत्तर आलं : तिन्ही बंद. कागदाचा औषधांचा भाग मग असा सुरू झाला :

बंद केलेली औषधं (घरी असली तरी घेऊ नका)
पोटॅशियमचं सिरप : नव्या गोळ्यांमुळे आता पोटॅशियम जास्त होऊ शकतं.
आयबुप्रोफेन : अंगात पाणी साठतं. गुडघे दुखले तर पॅरासिटामॉल.
लघवीच्या गोळीची जुनी पट्टी : नव्या पट्टीत तेच औषध आहे.

‘बंद’ची यादी मी सगळ्यात वर ठेवते. खाली ठेवली तर नवीन गोळ्या वाचून झाल्यावर लोक कागद मिटतात.

‘एसओएस’बद्दलही थोडं. तुमच्या-माझ्या लेखी त्याचा अर्थ ‘गरज पडली तर’, मूळ लॅटिन. बाहेरच्या जगात त्याचा अर्थ ‘वाचवा’. एका बाईंनी पॅरासिटामॉलची पट्टी ‘इमर्जन्सीसाठी’ म्हणून जपून ठेवली होती आणि ताप तसाच अंगावर काढला. म्हणून ‘दुखलं तरच’ एवढ्यावरही मी थांबत नाही. एका वेळी किती, पुन्हा किती तासांनी आणि दिवसभरात जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांना विचारून लिहिते.

धोक्याच्या लक्षणांनी लोक घाबरतात, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. कारण मात्र मला वेगळं वाटतं. ‘धाप लागल्यास, सूज आल्यास त्वरित संपर्क साधावा’ असं छापलेलं असतं. आजींना जिना चढताना धाप गेली तीन वर्षं लागते. मग त्यांनी रोज संपर्क साधायचा की कधीच नाही? लक्षणाला माप नसलं की घाबरणारा रोज येतो आणि सोसणारा येतच नाही. दुसरा तुम्हाला कॅज्युअल्टीत दिसत नाही, एवढंच.

म्हणून या भागाचे मी दोन कप्पे करते. पहिला ‘त्याच दिवशी फोन करा’चा : तीन दिवसांत वजन २ किलोपेक्षा जास्त वाढलं, झोपताना नेहमीपेक्षा जास्त उशा लागू लागल्या, उभं राहिल्यावर चक्कर येते, उलट्या-जुलाब सुरू झाले. शेवटच्या कारणासाठी फोन अशासाठी, की पाणी कमी पडलं तर यातल्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात, आणि कोणत्या ते डॉक्टर ठरवतील. दुसरा ‘थांबू नका, लगेच या’चा : बसल्या जागी श्वास पुरत नाही, छातीत दुखतं, शुद्ध हरपली. दुसऱ्या कप्प्यात मी मोजक्याच गोष्टी ठेवते. तिथे दहा ओळी झाल्या की तुम्ही म्हणता तसंच होतं.

वजनाची एक खोच आहे. समरीत घरी सोडतानाचं वजन असतं, समजा ६१.४ किलो. घरचा काटा पहिल्याच दिवशी ६२.५ दाखवतो आणि मुलगा धावत येतो. म्हणून कागदावर रिकामी जागा असते : ‘घरच्या काट्यावर पहिल्या सकाळचं वजन : ____’. लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, रोज त्याच काट्यावर. फरक मोजायचा तो या आकड्यापासून, आमच्या काट्यापासून नाही.

तीन भाग वेगळे ठेवण्याचं खरं कारण मला पोटॅशियमने शिकवलं. पूर्वी मी ‘पोटॅशियम वाढल्याची लक्षणं’ धोक्याच्या यादीत लिहायचे. पण ते बरंच वाढलं तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही, आणि पहिली खूण थेट हृदयाच्या ठोक्यांत दिसू शकते. ज्याला लक्षण नाही त्यावर लक्ष ठेवायला सांगणं म्हणजे रुग्णाला खोटा धीर देणं. त्याची जागा पुढच्या तपासणीच्या भागात. समरीत होतं, ‘एका आठवड्याने रिपोर्टसह ओपीडी’. रिपोर्टसह म्हणजे कोणते? मागे एक काका भरती असतानाच्या रिपोर्टांची जाड फाइल घेऊन आले होते, नवीन रक्त दिलंच नव्हतं. आता या भागात तारीख आणि वार असतो, ‘ओपीडीच्या दोन दिवस आधी रक्त द्या’ असतं, आणि कारणही : ‘पोटॅशियम आणि मूत्रपिंडासाठी. बरं वाटत असलं तरी द्यायचंच.’ हे शेवटचं वाक्य नसेल तर बरं वाटणारा माणूस येत नाही.

मिठाचंही इथेच निघालं. ‘मीठ कमी’ वाचून आजींच्या मुलाने विचारलं, ‘मग लो-सोडियम मीठ चालेल ना?’ त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. डॉक्टरांनी नको म्हटलं आणि औषधांच्या ‘बंद’ यादीखाली चौथी ओळ वाढली. ते औषध नाही, पण वागतं औषधासारखं.

सही समरीवर ज्या डॉक्टरांची, त्यांचीच या कागदावर. रूपांतर माझं, निर्णय एकही माझा नाही. कागदावर समरीची तारीख आणि वेळ असते, कारण सकाळी कागद तयार करावा आणि दुपारी राउंडला डोस बदलावा, हेही घडलेलं आहे. वेळ जुळली नाही तर जुना कागद फाडायचा, सुधारायचा नाही. आणि समरी कागदासोबत जातेच. पुढच्या डॉक्टरला तीच लागणार, तिथे तुमचं बरोबर आहे.

राहिलं समजावून सांगणं. ते हवंच. पण डिस्चार्जच्या वेळी बिल चालू असतं, सुई काढायची असते, गाडी खाली थांबलेली असते. अशा वेळी ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे मान हलवतात. मी आजींना विचारलं, ‘उद्या सकाळी काय घ्याल ते काढून दाखवा.’ त्यांनी बिसोप्रोलॉल काढली, लघवीची नवी पट्टी काढली आणि शेजारी शांतपणे जुनी पट्टीही ठेवली. ‘जुनी पट्टी बंद’ ही ओळ त्यांनी पाच मिनिटांपूर्वी मला मोठ्याने वाचून दाखवली होती. पण त्यांच्या लेखी ती गोळी लघवीची नव्हतीच, ‘पायाच्या सुजेची’ होती. मग त्या ओळीत मी पट्टीवरचं नाव जसंच्या तसं घातलं आणि पुढे लिहिलं, ‘पायाच्या सुजेची म्हणून घेत होतात ती’. डॉक्टरांनी बदललेल्या कागदावर पुन्हा सही केली, आणि पट्टीवर लाल पेनने फुली मी आजींनाच मारायला लावली.