बाथरूमचं दार आधी, लाल दोरी नंतर

"तुमच्याकडे इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूममध्ये लाल दोरी असते म्हणे, ओढली की मदत येते. आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये तशी बसवता येईल का? आई ८२ वर्षांची आहे, तोल जातो, आणि आतून कडी लावल्याशिवाय अंघोळीला बसत नाही. घरात मी, बायको आणि दिवसा एक बाई असते."

दोरी जरूर बसवा, पण पहिला खर्च दारावर करा. इथली लाल दोरी ज्या घरासाठी आहे, ते घर तुमच्या घरासारखं नाही. इथे ज्येष्ठांसाठीच्या वसाहतींत आजी एकट्या राहतात. दोरी ओढली की भिंतीवरच्या यंत्रातून फोन लागतो, कुठल्या तरी दूरच्या केंद्रात चोवीस तास बसलेलं माणूस बोलतं, आणि मग किल्ली असलेल्या नातेवाइकाला किंवा रुग्णवाहिकेला कळवतं. म्हणजे दोरीचं काम आहे लांबच्या माणसाला बोलावण्याचं. तुमच्याकडे स्वयंपाकघरातलं माणूस पंधरा पावलांवर आहे. त्याला हाक ऐकू येईल, ते धावतही येईल, आणि कडी लावलेल्या, आत उघडणाऱ्या दारापाशी अडकेल.

तुम्ही कळवलेलं बाथरूमचं माप चार फूट बाय सात फूट आणि दार अडीच फुटी, आत उघडणारं. चार फुटांच्या रुंदीतले अडीच फूट दाराच्या फिरण्यातच जातात. म्हणजे आई पडल्या तर त्यांचे पाय किंवा पाठ दाराच्या वाटेत येण्याचीच शक्यता जास्त. मग कडी नसली तरी दार चार बोटांपलीकडे उघडत नाही, आणि जोर लावला तर तो त्यांच्याच अंगावर येतो. खात्री करून घ्यायची तर घरातल्या धडधाकट माणसाने आत जमिनीवर दाराला पाठ टेकून बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून दार ढकलून पाहावं.

आपल्याकडच्या चर्चेत इथेच गाडी घसरते. तुमच्याच नात्यातल्या एका मावशींनी लिहिलं की सुनेने दार उघडं टाकून अंघोळ करायला सांगणं हा अपमान आहे, आणि कोल्हापूरच्या वाड्यात त्यांच्या सासूबाई अखेरपर्यंत कडी लावूनच नहात होत्या. कुणी दार उघडं टाकायला सांगितलेलं नाही. पण मावशींचा मुद्दा सोडून देण्यासारखाही नाही, कारण ज्या आजींची कडी काढून हातात काहीच दिलं जात नाही, त्या दाराला बादली लावतात. तेव्हा कडीच्या जागी बाहेरून उघडणारी कडी द्यायची. हार्डवेअरच्या दुकानात लाल-हिरव्या खुणेची कडी मागा, ऑफिसच्या किंवा मॉलच्या स्वच्छतागृहात असते तशी. आतून फिरवली की बाहेर लाल दिसतं. बाहेरच्या बाजूला एक खाच असते, तिच्यात नाणं घालून फिरवलं की कडी सुटते. आईंना आत कुणी येणार नाही याची खात्री राहते, तुम्हाला वाट राहते.

ती घेताना आतला भाग गोल, गुळगुळीत नको. साबणाच्या ओल्या हाताने, सांधे दुखत असताना गोल मुठी फिरत नाही. चपटा, लांबट दांडा घ्या आणि तो जमिनीपासून साधारण तीन फुटांवर बसवा. जुना टॉवर बोल्ट आणि वरची कडी दोन्ही पूर्ण काढून टाका, चौकटीतलं भोकही बुजवा. नुसतं "आई, ती लावू नका" असं सांगून चालत नाही, चाळीस वर्षांची सवय असलेला हात आधी जुन्या कडीकडेच जातो. आणखी एक, बाथरूमच्या वाफेने आणि क्षाराच्या पाण्याने ही कडी आतून अडकून बसते. महिन्यातून एकदा आतून लावून बाहेरून नाण्याने उघडून पाहा, आणि ते नाणं दाराजवळच खिळ्याला बांधून ठेवा. धावपळीत पर्स शोधायला वेळ नसतो.

आता दाराची दिशा. तुमच्या सुताराने फोनवर जे सांगितलं ते अगदी बरोबर आहे: नुसत्या बिजागऱ्या उलट्या बाजूला लावून भागणार नाही. चौकट ग्रॅनाइटची आहे आणि दार टेकायची खाच आतल्या अंगाला आहे. दार बाहेर उघडायचं तर ते बाहेरच्या अंगाला टांगावं लागेल, आणि ते आत जाऊ नये म्हणून आतून नवी पट्टी चिकटवावी लागेल. ग्रॅनाइटला काठाजवळ भोक पाडलं तर कपचा उडतो, म्हणून तो म्हणतो तशी बाहेरच्या भिंतीला ॲल्युमिनियमची वेगळी चौकट ठोकून तिला नवं दार लावणं सोपं. इथे इंग्लंडमध्ये एक वेगळी सोय मिळते. दार वर-खाली खुंट्यांवर फिरतं, एरवी आत उघडतं, आणि चौकटीतला अडसर बाहेरून काढला की तेच दार बाहेरही उघडतं. तुमच्या दारासाठी मी ती सुचवणार नाही. सुटा भाग बिघडला तर तो नाशिकमध्ये शोधत बसावं लागेल.

बाहेर उघडणाऱ्या दाराच्या दोन अडचणी आहेत. दाराच्या आतल्या अंगावरचं पाणी उघडताना बाहेरच्या फरशीवर ठिबकतं, म्हणून खालच्या कडेला पाणी आत वळवणारी पट्टी लावा. दुसरी अडचण पायपुसण्याची. दाराबाहेर पायपुसणं असलं की दार त्याच्यावर चढतं आणि नेमक्या वेळी अडतं. ते दाराच्या फेऱ्याबाहेर सरकवा.

बोळ अरुंद असेल तर बाहेरच्या भिंतीवर सरकतं दार बसवता येतं, मात्र शेजारी दाराइतकीच मोकळी भिंत हवी. प्लास्टिकचं घडीचं दार स्वस्त आहे आणि बाहेरून जोर लावला तर निघतंही, म्हणून बरेच जण तेच सुचवतात. मी ते नको म्हणेन. तोल जाणारं माणूस दाराला धरतं, आणि ते दार माणसासकट कोसळतं.

दार झालं की दोरी. इंग्लंडच्या इमारत नियमांच्या 'एम' भागाच्या मार्गदर्शिकेत अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहातल्या दोरीचं माप दिलेलं आहे: लाल दोरी, तिच्यावर पाच सेंटीमीटर व्यासाची, बांगडीसारखी दोन लाल कडी, एक जमिनीपासून ८० ते १०० सेंटीमीटरवर आणि दुसरं फक्त १० सेंटीमीटरवर. वरचं कडं बसलेल्या माणसासाठी, खालचं पडलेल्या माणसासाठी. लाल रंगाचं कारण असं की इथे बाथरूममध्ये दिव्याचं बटनही बहुतेक पांढऱ्या दोरीचंच असतं, आणि माणसं दिवा समजून दुसरीच ओढतात. तुमच्याकडे हा गोंधळ होणार नाही.

पण या देशात इतके नियम असूनही दोरी निकामी कशाने होते, तर ती गुंडाळून वर बांधल्याने. पुसताना फडक्यात अडकते, ओली होते, म्हणून सफाई करणारं माणूस तिची गाठ मारून ठेवतं, आणि जमिनीवर पडलेल्याचा हात पोचायचा प्रश्नच संपतो. स्कॉटलंडमधली 'युअन्स गाइड' ही संस्था दोरीला अडकवायची छोटी कार्डं देते, ती एवढंच सांगायला की दोरी जमिनीपर्यंत मोकळी सोडा. तुमच्या घरी बादली, मग आणि रोजची धुलाई आहे, तेव्हा गाठ पहिल्याच आठवड्यात पडेल. बाईंना दोरी कशासाठी आहे ते दाखवा. सुती नको, पुसता येईल अशी नायलॉनची घ्या.

तुमच्या मेहुण्यांनी सुचवलेली बिनतारी दारघंटी अर्धी बरोबर आहे. स्वस्त आहे, भिंतीत २३० व्होल्टची तार न्यावी लागत नाही. पण ती एकदा वाजून गप्प बसते. मिक्सर चालू असताना किंवा कुकरची शिट्टी होत असताना तेवढी धून निसटली की संपलं. मदतीची घंटा कुणीतरी आत जाऊन बंद करेपर्यंत वाजत राहिली पाहिजे. म्हणून रुग्णालयात पलंगापाशी असतो तसा कॉल बेलचा संच, ओढायच्या दोरीसकट, वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मागा. बंद करायचं बटन बाथरूममध्येच, बसलेल्या माणसाच्या हाताशी हवं, म्हणजे चुकून ओढली तर आई स्वतः बंद करतील. घंटा स्वयंपाकघरात एक आणि तुमच्या झोपायच्या खोलीत एक. चार्जिंगवर चालत असेल तर वीज गेल्यावर किती वेळ टिकते ते प्लग काढून स्वतः मोजा. इथेही हाच घोर आहे. तांब्याच्या तारांवरची जुनी फोनसेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहे. नव्या लाइनीला घरची वीज लागते, आणि दोरीची जुनी यंत्रं तिच्यावर चालतीलच असं नाही.

एक दोरी पुरणार नाही. कमोडजवळ टांगली तर अंघोळीच्या स्टुलापासून ती चार फूट लांब राहते. दोन टांगा, टॉवेलच्या दांडीपासून दूर. मग तुमच्यापैकी कुणी तरी कमोडपाशी, स्टुलापाशी आणि दाराजवळ जमिनीवर आडवं होऊन, न उठता दोरी हाताला लागते का ते पाहा. नातवंडं येत असतील तर जोराच्या ओढीने सुटणारा जोड घ्या, म्हणजे दोरी कुणाच्या मानेत अडकणार नाही.

स्मार्ट घड्याळात माणूस पडल्याचं ओळखण्याची सोय असते, हे मेहुण्यांचं म्हणणं खरं आहे. पण अंघोळीला ते बहुतेक जण काढून ठेवतात, आणि भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसलेलं माणूस त्याला पडल्यासारखं वाटेलच असं नाही.

शुद्ध हरपली तर दोरी कोण ओढणार, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मावशींनी विचारलं, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. इथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं सुरक्षितपणे कशी करायची ते शिकवणाऱ्या तज्ज्ञ, साधी गोष्ट सांगतात: आत जाताना सांगून जायचं, ठरलेल्या वेळानंतर बाहेरच्याने हाक मारायची, उत्तर आलं नाही तर वाट न पाहता नाण्याने उघडायचं. किती वेळ ते आईंनाच ठरवू द्या. विस्मरण सुरू झालं तर दोरी कशाची हेही आठवत नाही, तेव्हा कुणीतरी जवळ थांबण्याला पर्याय राहत नाही.

आणि दुपारी बाई बाजारात, तुम्ही दोघं कामावर, असा जो तासभर असतो, त्यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर मुख्य दार पाहून घ्या. आईंनी आतून साखळी आणि वरची कडी लावली असेल तर शेजाऱ्यांची किल्ली कुलपात फिरेल आणि दार तसंच राहील. इथेही बाहेर किल्लीची पेटी बसवतात आणि आतली साखळी तशीच राहून जाते. ती साखळी बाथरूमच्या कडीबरोबर त्याच दिवशी, त्याच सुताराकडून काढून घ्या.