मथळा उत्तर सांगत नाही

"प्रत्येक संचावर क्रॉसचा प्रकार लिहून ठेवलाय. मग मुलांनी शोधायचं काय? बोर्डाच्या पेपरात असे मथळे नसतात. सगळी गणितं मिसळून द्या."

सर, माझ्या आनुवंशिकतेच्या गणितांचा शेवटचा संच मिसळलेलाच आहे. त्याआधीचे मथळे मात्र मी काढणार नाही. परळला माझ्याकडे बारावीची मुलं येतात. ती क्रॉसचं, म्हणजे दोन पालकांच्या संकराचं, नाव बरोबर सांगतात आणि गॅमीट, म्हणजे पालकांच्या जननपेशी, लिहिताना अडखळतात.

टेस्ट क्रॉसचंच बघा: TtRr × ttrr. T म्हणजे उंच झाड, t बुटकं; R म्हणजे गोल बी, r सुरकुतलेली. माझ्या वहीत बाईंचं वाक्य आहे, "गॅमीटमध्ये प्रत्येक जोडीतलं एकच अक्षर." तरीही पहिल्या पालकाचे गॅमीट म्हणून कोणी Tt आणि Rr लिहितं, कोणी T, t, R, r सुटे मांडतं. बरोबर चार आहेत: TR, Tr, tR, tr. दुसरा पालक फक्त tr देतो, म्हणून दोन्ही पालकांचे गॅमीट जुळवायच्या पनेट चौकटीला एक ओळ आणि चार घरं पुरतात. सोळा घरं आखणारा उगाच वेळ घालवतो. चूक पकडायची तर घरातली अक्षरं मोजायची. प्रत्येक घरात T-t ची दोन आणि R-r ची दोन हवीत. तेवढी नसतील तर चौकट पुसून आधी गॅमीट तपासायचे.

आता Ttrr × ttRr घ्या. इकडे गॅमीट Tr, tr आणि tR, tr. चार घरांत TtRr, Ttrr, ttRr, ttrr येतात, म्हणजे पुन्हा 1:1:1:1. पण हा टेस्ट क्रॉस नव्हे, कारण दोन्ही गुणांत अप्रभावी असलेला पालक इथे नाहीच. म्हणूनच मी संच गुणोत्तरावरून न लावता पालकांवरून लावले. मिसळलेल्या संचात प्रश्न उलटा येतो: संतती 1:1:1:1, पालक सांगा. एवढ्याच माहितीवर दोन उत्तरं निघतात. एक पालक बुटका आणि सुरकुतलेल्या बियांचा आहे असं सांगितलं, की एकच उरतं. हे दोन क्रॉस आधी वेगवेगळे सोडवलेले नसतील, तर मुलं पहिलं उत्तर लिहून थांबतात. (थांबतातच!)

चौकटीबद्दल आणखी एक. दोन जनुकं एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटली जातात, हे ती गृहीत धरते. गंमत म्हणजे ज्यांच्या नावाची ही चौकट, त्या पनेट यांनाच सहकारी शास्त्रज्ञ बेटसन यांच्याबरोबर स्वीट पीच्या फुलांचा रंग आणि परागकणांची लांबी पाहताना अपेक्षित 9:3:3:1 मिळालं नव्हतं. पालकांसारखी झाडं फार जास्त निघाली. ही जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतात. म्हणून मिसळलेल्या संचात टेस्ट क्रॉसचं एक गणित असंही आहे, ज्यात शंभर झाडं 42, 8, 9, 41 अशी येतात. तिथे 1:1:1:1 ओढूनताणून बसवायचं नाही. 8 आणि 9 हे नवे मेळ, म्हणजे पुनर्संयोजन 17 टक्के.