ब्रेल पेपर आला म्हणून रायटर सुटत नाही

«दृष्टिहीन मुलांना आता ब्रेलमध्ये पेपर मिळतो, मग रायटर कशाला? रायटर म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याने मार्क. वर तासाला वीस मिनिटं जादा, आणि आकृत्या-नकाशे माफ. शाळेला काय, एक वेगळी खोली दिली की झालं. हा आपल्या मुलांवर अन्याय नाही का?»

बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की ठाणे, कळवा, ऐरोलीच्या पालकांच्या गटांत हा मजकूर फिरायला लागतो. मी ठाण्यात गणित शिकवतो आणि परीक्षा केंद्रावर बहुतेक वेळा उत्तरं तोंडी सांगून दुसऱ्याकडून, म्हणजे रायटरकडून, लिहून घेणाऱ्या उमेदवारांची खोली माझ्याकडे असते. मजकुरातले मुद्दे ज्या क्रमाने आलेत, त्याच क्रमाने घेतो.

ब्रेल पेपरने प्रश्न वाचायची सोय होते. उत्तर लिहायची होत नाही. पाटी आणि टोचणी घेऊन ब्रेलमध्ये उत्तर लिहिता येतं, येतंच. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. पण ती उत्तरपत्रिका तपासणार कोण? ज्याला बोटांनी किंवा निदान डोळ्यांनी ब्रेल वाचता येतं असा त्या विषयाचा परीक्षक हवा, नाहीतर कुणीतरी ती आधी देवनागरीत उतरवून द्यायला हवी. म्हणून पेपर ब्रेलमध्ये वाचून उत्तरं तोंडी सांगणारा उमेदवार ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

शिवाय दृष्टिहीन म्हणजे ब्रेल येणाराच, हे कुणी ठरवलं? सातवी-आठवीत दृष्टी गेलेल्या मुलाची बोटं दोन-तीन वर्षांत परीक्षेच्या वेगाने वाचू लागत नाहीत. त्याला वाचून दाखवणारा माणूस लागतो. अंशतः दिसणाऱ्याला मोठ्या टायपातला पेपर लागतो आणि इथे केंद्रावर हमखास एक जुगाड होतो: ए-फोर पेपर झेरॉक्सवर ए-थ्री करून द्यायचा. ए-फोरचं ए-थ्री केलं की अक्षर साधारण १.४ पट होतं. ११ पॉइंटाचं अक्षर साडेपंधरावर येतं. हवं असतं १८ किंवा त्याहून मोठं. वर तो कागद बाकावर मावत नाही, आणि छापील आकृतीतल्या पुसट रेषा पुसटच राहतात, फक्त लांब होतात. मोठा टाइप मुळातूनच त्या आकारात जुळवावा लागतो, तो पेपर काढणाऱ्यांनीच करायचा. केंद्राने उमेदवाराला आधी विचारून कळवलं तरच तो वेळेवर येतो.

ब्रेल पेपरही बटण दाबलं की बाहेर पडत नाही. मराठी प्रश्नपत्रिका अजून कित्येकदा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत जुळवलेली असते. पडद्यावर «त्रिकोण» दिसतं, पण आत संगणकाला भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. ब्रेलमध्ये रूपांतर करणारं सॉफ्टवेअर त्याचा कचरा करतं, आणि NVDA सारखा पडदा वाचणारा प्रोग्रामही तसाच अडखळतो. म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग ब्रेल काढायचं, मग ब्रेल येणाऱ्या माणसाने ते ओळीने ओळ तपासायचं. नेहमीच्या ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळी चिन्हं नाहीत. १ ते ० साठी अक्षरांचेच ठिपके वापरतात आणि आधी «पुढे आकडा आहे» अशी खूण टाकतात. ती खूण गळाली की २५ चं वाचन «बे» होतं. गणिताच्या पेपरात एवढ्याने प्रश्न मरतो.

केंद्रावर हे कसं पकडायचं? पाकीट फुटेपर्यंत काहीच करता येत नाही. नंतर मात्र पहिल्या पाच मिनिटांत उमेदवाराकडून एकूण प्रश्न किती, एकूण गुण किती, शेवटचा प्रश्न कोणता हे वदवून घ्यायचं आणि छापील प्रतीशी ताडायचं. त्यासाठी त्या खोलीत छापील पेपर आणि तो वाचू शकणारा माणूस दोन्ही हवेत. ब्रेल आलं तरी पेपर वाचून दाखवणारा वाचनिक सुटत नाही, तो असा. आणि ब्रेलची पाकिटं कपाटात इतर गठ्ठ्यांच्या खाली ठेवू नयेत. ठिपके दबले की बोटाला ते लागत नाहीत.

आता रायटरच्या डोक्याबद्दल. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उमेदवाराने स्वतःचा रायटर आणला, तर त्याची इयत्ता उमेदवारापेक्षा एक पायरी खालची असावी लागते. म्हणजे दहावीच्या मुलासमोर नववीतला. परीक्षा घेणाऱ्यांनी रायटर दिला, तर त्याची उमेदवाराशी पेपरच्या किमान दोन दिवस आधी भेट घालून द्यायची असते. ही भेट म्हणजे नुसती औपचारिकता असं समजणारी केंद्रं मी पाहिली आहेत, आणि त्याचा फटका गणितात बसतो.

उमेदवार सांगतो, «एक्स अधिक तीन भागिले दोन बरोबर पाच.» रायटरने काय लिहायचं?

(x + 3)/2 = 5 असेल तर x = 7.
x + 3/2 = 5 असेल तर x = 3.5.

बोलताना दोन्ही एकसारखंच ऐकू येतं. हाच घोळ उलट्या दिशेनेही होतो. वाचनिक छापील अपूर्णांक असाच घाईत वाचतो आणि मूल भलतंच समीकरण सोडवत बसतं. दोन दिवस आधीच्या भेटीत ठरवायचं असतं ते हेच: «अंश सुरू, एक्स अधिक तीन, अंश संपला, छेद दोन» असं बोलायचं. वर्गमूळ किती पदांवर आहे, कंस कुठे बंद झाला, नवी ओळ कधी, खोडायचं असेल तर काय म्हणायचं. भाषेच्या पेपरात विशेषनामांचं ऱ्हस्व-दीर्घ कसं सांगायचं. अशा वीसेक खुणा ठरल्या की नववीतलं मूल उत्तम रायटर होतं. हुशारीची गरज नाही, अक्षर बरं हवं आणि जे ऐकलं तेच लिहायची शिस्त हवी. ब्रेल पेपर खरा कामाला येतो तो इथे: गणिती ब्रेलमध्ये अपूर्णांक कुठे सुरू आणि कुठे बंद याच्या खुणाच असतात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या आवाजावर विसंबावं लागत नाही.

कुणी मदत करतच नाही, असं मी म्हणणार नाही. पर्यवेक्षकाने दारात खुर्ची टाकून बसण्याऐवजी त्या दोघांच्या शेजारी बसावं. उमेदवार गप्प आणि पेन चालू, ही पहिली खूण. चार पर्याय वाचताना एकावर जोर पडणं किंवा तोच पुन्हा वाचणं, ही दुसरी. दोन्ही सहज कळतात. रायटर आहे म्हणून मूल कॉपी करतं असं कुणी म्हणत असेल, तर शेजारी कुणी ऐकत बसलेलं असताना कॉपी किती जमते ते एकदा करून बघावं.

जादा वेळेचं गणित सोपं आहे. तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. सराव असलेलं मूल ब्रेल मिनिटाला शंभराच्या आसपास शब्दांनी वाचतं, डोळस मूल मनात त्याच्या दुपटीहून जास्त. वर उतारा परत चाळता येत नाही, वाचनिकाला «तिसरी ओळ पुन्हा» म्हणावं लागतं, लिहिलेलं उत्तर तपासायचं तर तेही वाचून घ्यावं लागतं. तो तास त्यातच जातो.

आकृत्यांचं «माफ» मात्र सरसकट खरं नाही. सीबीएसईच्या दहावीच्या सामाजिक शास्त्रात नकाशाला ५ गुण असतात आणि तिथेच दृष्टिहीनांसाठी त्याऐवजी प्रश्न छापलेले असतात. डोळस मुलाने १९२७ चं काँग्रेस अधिवेशन कुठे झालं ते नकाशातल्या खुणेवरून ओळखायचं, दृष्टिहीनाने ठिकाणाचं नाव सांगायचं. मद्रास हे दोघांनाही आठवावंच लागतं. नकाशातलं स्थान मात्र तपासलं जात नाही, हा या पर्यायाचा खरा तोटा. त्यावर उपाय उठावाचा नकाशा, पण तो वर्गात वर्षभर हाताळलेला नसेल तर परीक्षेत उपयोगाचा नाही.

भूमितीत पर्यायी प्रश्न नसला तर आकृती शब्दांत मांडावी लागते. समजा छापील प्रश्न एवढाच आहे: «आकृतीवरून EC काढा.» आकृतीत त्रिकोण, आत एक रेघ, दोन रेघांवर बाण आणि तीन लांब्या. वाचनिकाने सांगायचं ते असं: त्रिकोण ABC. बिंदू D बाजू AB वर. बिंदू E बाजू AC वर. रेख DE वर आणि बाजू BC वर समांतर असल्याच्या खुणा. AD = 4, DB = 6, AE = 5. इथे थांबायचं. समांतर असल्याचं सांगणं ही मदत नव्हे, ते आकृतीत दिलेलंच आहे. «वरचा त्रिकोण छोटा आणि खालचा तसाच मोठा» म्हणणं ही मदत, कारण समरूपता दिसली की अर्धं उत्तर हातात आलं. पुढचं काम मुलाचं: 4/6 = 5/EC, म्हणून EC = 7.5. हा फरक वाचनिकाला ऐन पेपरात सुचत नाही. मागच्या वर्षांच्या चार-पाच आकृत्या त्याच्याकडून आधी वदवून घ्याव्या लागतात, आणि ते गणिताच्या शिक्षकानेच करावं.

राहिली खोली. ती तळमजल्यावर हवी, आणि एका खोलीत एकच जोडी हवी, कारण सगळी उत्तरं मोठ्याने सांगितली जातात. दोन जोड्या शेजारी बसवल्या की एकाचं उत्तर दुसऱ्याला फुकट. घोडबंदर रस्त्याला खिडकी असलेली खोली नको, कळव्यात रुळांकडची नको. गाडी गेली की रायटर «काय म्हणालास?» विचारतो आणि मिनिटं जातात. हाताने आकडे मांडायची टेलर फ्रेम, बोलतं घड्याळ, ब्रेल भूमितीचं साहित्य यांची नोंद आधीच पर्यवेक्षकाच्या कागदावर असावी, म्हणजे दारात हुज्जत होत नाही. संगणकावर लिहिणार असेल तर मशीन एक दिवस आधी उमेदवाराला स्वतः चालवून बघू द्यायचं, मराठी आवाज बसवलाय का हे तेव्हाच कळतं. रायटर आजारी पडला तर दुसरा कोण, हे रायटरच्या परवानगीचे कागद वाशीच्या विभागीय मंडळाकडे जातात तेव्हाच ठरलेलं हवं. मार्चमध्ये नववीच्या मुलाची स्वतःची परीक्षाही असू शकते, हे शाळेने तारखा लावताना बघावं.

आणि एक गोष्ट कायम राहून जाते. इतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून झालेले असतात, नेणारा माणूस दारात उभा असतो, आणि या खोलीत अजून तास शिल्लक असतो. मग कुणीतरी आत डोकावून म्हणतं, «आटपा जरा.» केंद्र संचालकाने आदल्या दिवशीच त्या माणसाला लेखी कळवायचं, की या केंद्रावरून एक पाकीट तासभर उशिरा निघेल, आणि त्या वेळेला शिपाई, पर्यवेक्षक आणि सील करणारा कोण थांबणार त्यांची नावं दारावरच्या कागदावर टाकायची.