प्रतिक्रियेला उत्तर : रजा कोणी द्यायची आणि तिचा पगार कोणी भरायचा

पाळीच्या दिवसांतील रजा आणि आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारासाठीची रजा, यांवरील मागील लेखावर एका वाचकांची आलेली प्रतिक्रिया :

«ताई, रडगाणं छान गायलंत. मी पंधरा माणसांचा छोटा कारखाना चालवतो. दर महिन्याला एक पगारी रजा माझ्या खिशातून द्यायला लावली, तर पुढच्या वेळी मी बाईला कामावर घेणारच नाही. सुप्रीम कोर्टही हेच म्हणालं. स्पेनमध्ये सगळ्या बायकांना रजा मिळते, हे तुमचं वाक्य चूक आहे. आयव्हीएफ ही तर हौस झाली. आमच्या आया शेतात राबल्या, त्यांनी कधी रजा मागितली?»

महोदय,

स्पेनची चूक मला मान्य आहे आणि मूळ लेखात मी ती दुरुस्त केली आहे. तेथील 2023 चा कायदा सरसकट सर्व स्त्रियांसाठी नाही. एन्डोमेट्रिओसिससारख्या निदान झालेल्या विकारामुळे पाळी असह्य होत असेल, तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर ही रजा मिळते. मी घाईत लिहिले, ही माझी चूक. मात्र ‘रडगाणं’ हा शब्द मला मान्य नाही. मी आठ परिच्छेदांत कायद्याच्या तरतुदी मांडल्या होत्या आणि त्यांतील एकाही तरतुदीचे खंडन आपण केलेले नाही. पुरुषाने हाच मजकूर लिहिला असता तर आपण त्याला विश्लेषण म्हटले असते, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या खिशाविषयी. न्यायालयाच्या नावाने आपण जे लिहिले आहे ते अर्धेच आहे. जुलै 2024 मध्ये खंडपीठाने सक्तीमुळे स्त्रिया नोकरीपासून दूर लोटल्या जाण्याची भीती जरूर व्यक्त केली, पण हा धोरणाचा विषय असल्याचे सांगून केंद्र सरकारने राज्यांशी आणि संबंधितांशी बोलून आदर्श धोरण आखता येईल का ते पाहावे, असेही म्हटले. रजा देऊ नये असा निर्णय न्यायालयाने दिलेला नाही. आणि ती भीती खरी ठरते ती एकाच परिस्थितीत, म्हणजे रजेचा पगार त्या एका मालकानेच भरायचा असेल तेव्हा. रजेचा हक्क मालकाने मान्य करणे आणि त्या दिवसाचा पगार मालकाने देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडची जवळपास सर्व धोरणे त्या एकत्र बांधतात. बिहारने 1992 मध्ये महिन्याला दोन दिवसांची रजा दिली, पण ती सरकारी कर्मचारी स्त्रियांना, आणि तेथे सरकार स्वतःच मालक होते. कर्नाटकाने ऑक्टोबर 2025 मध्ये वर्षाला बारा पगारी दिवस मंजूर केले आणि खासगी आस्थापनांच्या बाबतीत तो भार सरळ मालकांवर टाकला.

आपल्याच कारखान्याचा हिशेब करू. एका कामगार स्त्रीचा पगार 18,000 रुपये धरला आणि महिन्याचे 26 दिवस धरले, तर एका दिवसाचे सुमारे 692 रुपये होतात आणि बारा दिवसांचे सुमारे 8,300. हा खर्च फक्त स्त्रीमुळे येतो, म्हणून आपल्याला पुरुष स्वस्त वाटतो. पण त्याच पगारावर, कामगाराला आजारपणात भत्ता देणाऱ्या कर्मचारी राज्य विम्यासाठी आपण 3.25 टक्के, म्हणजे महिन्याला 585 रुपये, आजही भरत असाल. ही वर्गणी पुरुषासाठीही तेवढीच असते. तिच्या जागी पुरुष घेतल्याने त्यातला एक रुपयाही वाचत नाही, आणि म्हणून या रजेचा पगार विम्यातून आला तर आपण दिलेली धमकीच निराधार होते.

आजवर तसे का झाले नाही, याचे कारण एका लहानशा अटीत आहे. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या राज्य विमा कायद्याच्या 49 व्या कलमानुसार आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नसे. मागच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास मात्र ही अट लागत नसे. पाळी साधारण अठ्ठावीस दिवसांनी येते, म्हणून ती प्रत्येक वेळी ‘नवा आजार’ ठरत आली. वेदना बहुधा पहिल्या एकदोन दिवसांतच असतात आणि नेमके तेच दिवस वगळले जात आले. स्पेनने नेमकी हीच गाठ सोडवली. तेथे साध्या आजाराचा भत्ता चौथ्या दिवसापासून सुरू होतो, तर या रजेत पहिल्या दिवसापासून, आणि तो सामाजिक सुरक्षा निधीतून दिला जातो. तसे करता आले याचे कारण म्हणजे कायद्याने त्या स्थितीला तात्पुरती असमर्थता म्हटले. आपल्याकडे पाळी ‘नैसर्गिक’ असल्याचे सांगून तिला विम्याबाहेर ठेवायचे आणि मग ‘विशेष सवलत’ म्हणून मालकाच्या गळ्यात बांधायचे, अशी मांडणी होते. त्या मांडणीवर चिडायचे सोडून आपण कामगार स्त्रीवर चिडलात.

आयव्हीएफला आपण ‘हौस’ म्हटलेत, ते वाचून मी दोन दिवस उत्तर लिहू शकले नाही. 2019 मध्ये मी पुण्यातील एका खासगी कार्यालयात काम करत होते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, तेवढ्याच मला होत्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली आणि रोजची इंजेक्शने सुरू झाली. पुढे दहा-अकरा दिवस, दर दोन-तीन दिवसांनी, अंडाशयात अंडे ज्यात वाढते ते फॉलिकल किती वाढले ते पाहायला जावे लागे. ते पुरेसे वाढले की डॉक्टर रात्री ठरावीक वेळेला अंडी पक्व करणारे ट्रिगरचे इंजेक्शन देतात आणि त्यानंतर 34 ते 36 तासांत भूल देऊन अंडी काढावी लागतात. उशीर झाला तर अंडी सुटून जातात आणि सगळा उपचार वाया जातो. म्हणजे मुख्य दिवस केवळ दोन दिवस आधी कळतो. आमच्या कार्यालयात रजेचा अर्ज सात दिवस आधी द्यावा लागे आणि अर्ध्या दिवसाची रजा मिळत नसे. चार सोनोग्राफ्या, अंडी काढण्याचा दिवस, दुसऱ्या दिवशीची विश्रांती आणि गर्भ सोडण्याचा दिवस, यांत सात रजा संपल्या. आठवी आधीच्या तपासणीत गेली होती. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या वेळी प्रत्येक दिवसाचा पगार कापला गेला आणि कारण विचारणाऱ्या वरिष्ठांना मी दाढ दुखत असल्याचे खोटे सांगितले. हौसेसाठी कोणी असे खोटे बोलत नाही, महोदय.

आपल्याकडील मातृत्व लाभाच्या तरतुदींत गर्भपातानंतर सहा आठवडे आणि स्त्रीच्या नसबंदीनंतर दोन आठवडे पगारी रजा आहे. मूल होऊ नये यासाठीच्या शस्त्रक्रियेला रजा आहे आणि मूल व्हावे यासाठीच्या उपचाराला एक दिवसही नाही. माल्टाने ही रजा तासांत मोजली आहे. जोडप्याला एका उपचारचक्रासाठी शंभर तास, त्यांतील साठ उपचार घेणाऱ्या स्त्रीचे आणि चाळीस जोडीदाराचे. सोनोग्राफीला तासभर लागतो, हे ते नियम लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

शेतात राबणाऱ्या आयांविषयी एवढेच. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांना रजा नसते, खाडा असतो, आणि त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. राज्य सरकारने 2019 मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांनी कधी रजा मागितली, असे विचारण्याआधी खाडा परवडत नाही म्हणजे काय होते, ते त्यांच्यापैकी एकीला विचारा.

आपण विम्याची वर्गणी भरत असाल, तर पहिल्या दोन दिवसांच्या भत्त्याचे काय होते हे कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे का ते पाहावे. त्यावर आपल्याला काही म्हणायचे असेल तर मी जरूर वाचीन. ‘रडगाणं’ हा शब्द पुन्हा आला तर मात्र ती प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.