बिनव्याजी हप्ते आणि सव्याज चिरंजीव

मुलगा न सांगता स्वतःचं ताट घासू लागला की आईने खुशाल समजावं, काहीतरी महागडं येतंय. आमच्याकडे आधी ताट झालं, मग पाण्याच्या बाटल्या भरल्या गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी "आई, तू दमलीस का गं?" असा प्रश्न आला. मी लगेच विचारलं, "केवढ्याला?"

चिरंजीवांनी नव्या फोनचा आकडा सांगितला. मी हिशेबाची वही उघडली. महिन्याच्या शेवटी तिच्यात जे उरतं, त्याला शिल्लक म्हणायला मला संकोच वाटतो. पण चिरंजीव तयारीने आले होते. "एकदम कुठे द्यायचेत? बारा हप्ते. आणि व्याज शून्य!"

ह्यांनी "तुम्ही दोघं काय ते ठरवा" म्हणून जाहीर तटस्थता पत्करली. तटस्थ माणसांमुळेच घरं चालतात म्हणे. असो.

आता या जगात मला कोणी फुकट उसने पैसे देईल, एवढा माझा चेहरा विश्वासार्ह नाही. म्हणून मी चिरंजीवांना त्याच फोनची रोख किंमत काढायला लावली. रोख देणाऱ्याला शंभरामागे पाच सूट होती. हप्तेवाल्याला ती नाही, वर प्रक्रिया शुल्क वेगळं.

"म्हणजे खरी किंमत पंच्याण्णव आणि आपण देणार शंभर," मी म्हटलं. "वरचे पाच कोणाचे?"

"पाच टक्के तर आहेत, आई."

"पाच नाहीत. दर महिन्याला आपण थोडे थोडे फेडत जाणार. म्हणजे वर्षभर पूर्ण पंच्याण्णव आपल्याकडे कुठे राहतात? सरासरी धरली तर पन्नासच्या आसपास. त्यावर पाच म्हणजे जवळजवळ दहा टक्के झाले. शुल्क अजून धरलंच नाही."

चिरंजीवांनी कॅल्क्युलेटर उघडला, माझं गणित तपासलं आणि कॅल्क्युलेटर गुपचूप बंद केला. गणितात त्याला नेहमी यापेक्षा कमी रस असतो.

मग मोर्चा वैशिष्ट्यांकडे वळला. "सोळा जीबी रॅम आहे!" मी जाहिरात मागून घेतली. सोळाच्या डोक्यावर एक चांदणी होती, आणि चांदणीचा अर्थ तळाशी मुंगीच्या अक्षरात. चष्मा लावून वाचलं : खरी रॅम आठ, उरलेली आठ स्टोरेजमधून उसनी. ती खऱ्या रॅमपेक्षा हळू चालते आणि तेवढी जागाही अडवते. किराण्याच्या डब्यातले पैसे विजेच्या डब्यात टाकून दोन्ही डबे भरलेत म्हणायची ही कला मला पाठ आहे. पण मी निदान त्याची जाहिरात करत नाही.

"आणि कॅमेरा एकशे आठ मेगापिक्सलचा!"

"तू फोटो कोणाचे काढतोस?"

"...वहीच्या पानांचे. मित्रांच्या."

वर त्यानेच प्रामाणिकपणे कबूल केलं, की नेहमीच्या मोडमध्ये फोन नऊ-नऊ पिक्सल एकत्र करतो आणि फोटो बारा मेगापिक्सलचाच येतो. मित्राचं अक्षर त्यात वाचता येत नसेल, तर दोष कॅमेऱ्याचा नाही.

शेवटी मीच तडजोड काढली : याच फोनचा गेल्या वर्षीचा भाऊ, रोखीने. त्याचं साठवलेलं बक्षिसाचं पाकीट त्यात घालायचं, आणि पडून फुटला तर काच त्याच्या खर्चाने. पण इथे चिरंजीवांनी मला अनपेक्षितपणे पकडलं. "आई, सुरक्षा अपडेट्स फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, आपण घेतल्या दिवसापासून नाही. याला चार वर्षं दिलीत, त्यातलं एक संपलंय." मुद्दा चोख होता. स्वस्त पडणाऱ्या फोनचं एक वर्ष दुकानातच जुनं झालं होतं. मी किमतीला उरलेल्या तीन वर्षांनी भागलं, नव्याच्या किमतीला चारने. तरीही जुना स्वस्त पडला, पण मला वाटत होतं तेवढा नाही. मनातल्या मनात मी त्याच्या गणिताच्या मार्कांबद्दलचं मत थोडं बदललं. तोंडाने अर्थातच नाही.

तहावर सह्या झाल्या. फोन आला. चिरंजीवांनी खोका असा उघडला, जणू आत नवजात बाळ आहे. फोन निघाला, केबल निघाली, सिम काढायची सुई निघाली. मग खोका उलटा करून झाडून झाला.

"आई, यात चार्जर नसतोच. जलद चार्जिंगचा वेगळा घ्यावा लागेल."

"जुना चालत नाही?"

"चालतो गं. पण हळू."

"मग हळू चालू दे. या घरात बाकीचं सगळं हळूच चाललंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ओट्यावरची भांडी घासून पालथी घातलेली होती.