पत्ते म्हणतात ‘हो’, नाणी म्हणतात ‘गप बस’

प्रेमात पडलेल्या माणसाचं एका ज्योतिषावर भागत नाही. टॅरोनं होकार दिला की “फक्त कन्फर्म करायला” म्हणून तीन नाणी काढायची, आय चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथाला तोच प्रश्न विचारायचा, आणि तिकडून नकार आला की रात्री साडेअकराला दोन्हींचे फोटो पाठवायचे. खाली एकच ओळ: “आता यातलं खरं कुठलं?” टॅरो आणि आय चिंग दोन्ही जरा येतात एवढं तोंडातून गेलं की उरलेलं आयुष्य या ओळीला उत्तर देण्यात जातं. पत्ते आणि नाणी मुळात खरं बोलतात का, हा वाद रात्री साडेअकराला कुणालाच घालायचा नसतो.

एक अगदी ठरावीक नमुना घेऊ. प्रश्न असा: “त्याला परत मेसेज करू का?” तीन पत्ते काढले. पहिला ‘मी’, दुसरा ‘तो’, तिसरा ‘आमच्या दोघांत काय आहे’. आले ते असे: नाइट ऑफ वाँड्स, फोर ऑफ कप्स, टू ऑफ कप्स. मग नाणी टाकली. आय चिंगची उत्तरं सहा-सहा रेघांच्या चौसष्ट आकृत्यांत असतात, त्यांना म्हणतात हेक्साग्राम. आला चौपन्नावा, म्हणजे लग्न होऊन निघालेली धाकटी मुलगी. त्याचा निकाल सरळ आहे: पुढाकार घेतलास तर वाईट होईल, काहीच फायद्याचं नाही.

झालं. टू ऑफ कप्समध्ये दोघं समोरासमोर पेले धरून उभे, वर पंखवाला सिंह, आणि इकडे हे चिनी वडीलधारं म्हणतंय घरात बस. इथे अर्थ लावायला बसण्याआधी मी एक रूक्ष प्रश्न विचारते: रेघा कुठून काढल्यास?

कारण हेक्साग्राम खालून वर बांधतात. तीन नाणी सहा वेळा टाकायची आणि पहिली रेघ सगळ्यात खाली काढायची. आपल्याला सवय वरून खाली लिहायची, त्यामुळे निम्मी मंडळी पहिली रेघ वर काढून मोकळी होतात. त्यानं बहुतेक वेळा हेक्साग्रामच बदलतो, आणि चौपन्नच्या बाबतीत तर ते थेट मुळावर येतं. चौपन्न उलटा केला की होतो त्रेपन्न, आणि त्रेपन्नचा निकाल आहे: मुलगी रीतसर दिली जाते, शुभ. रेघा त्याच, नाणी तीच, फक्त वही उलटी धरली की मंगलाष्टकं सुरू.

दुसरा घोटाळा बेरजेचा. छापा ३, काटा २. रुपयाच्या नाण्यावर सिंहाची बाजू छापा, हे टाकायच्या आधी ठरवायचं. नाणी पडल्यावर ठरवायचं नाही. तीन नाण्यांची बेरीज ६, ७, ८ किंवा ९ येते. विषम आली की सलग रेघ, सम आली की तुटलेली. लोक मात्र डोळ्यांनी मोजतात: दोन छापे, एक काटा, म्हणजे छापे जास्त, म्हणजे सलग. चूक! ३ आणि ३ आणि २ म्हणजे ८, आणि ८ म्हणजे तुटलेली. या एका चुकीनं आख्खा हेक्साग्राम बदलतो आणि मग लोक म्हणतात की चिनी लोकांना प्रेमातलं काही कळत नाही.

आपल्या नमुन्यात आकडे खालून वर असे होते: ७, ७, ८, ९, ८, ८. बेरीज बरोबर, दिशा बरोबर, तेव्हा चौपन्न पक्का. पण चौथ्या जागी ९ बसलाय, आणि फोटो पाठवणाऱ्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. ६ आणि ९ या बदलत्या रेघा: तुटलेलीची सलग होते, सलगची तुटलेली, आणि त्यातून पुढचा हेक्साग्राम निघतो. पूर्ण हेक्साग्रामचा निकाल म्हणजे एकूण हवामान. तुझ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर बहुधा बदलत्या रेघेच्या मजकुरात असतं. चौपन्नची चौथी रेघ म्हणते: मुलगी ठरलेली वेळ पुढे ढकलते, लग्न उशिरा, पण योग्य वेळी होतं. म्हणजे नकार नाहीच. ‘आत्ता नको’ आहे.

चौपन्नचा सूर इतका कडक का, तेही बघायला हवं. जुन्या चीनमधल्या बड्या घराण्यांत थोरलीबरोबर धाकटीही त्याच घरात दुय्यम पत्नी म्हणून जायची. तिला जागा मिळायची, पण अधिकार नाही. अशा मुलीनं पहिल्याच दिवशी घराच्या किल्ल्या मागितल्या तर काय होईल, ते हा हेक्साग्राम सांगतो. माया नाही असं तो कुठेच म्हणत नाही. तुझा अजून तेवढा हक्क झालेला नाही, एवढंच म्हणतो.

आता पत्ते परत बघू, आणि या वेळी तिन्ही बघू. फोटोत टू ऑफ कप्स मधोमध, झकास उजेडात. बाकीचे दोन कडेला कापलेले. त्या कापलेल्यांतला नाइट ऑफ वाँड्स उधळलेल्या घोड्यावर बसून वाळवंटात निघालाय. हा ‘मी’च्या जागी. फोर ऑफ कप्समध्ये झाडाखाली एक पोरगा हाताची घडी घालून बसलाय. समोर तीन पेले, ढगातून एक हात चौथा पुढे करतोय, आणि याचं लक्षच नाही. हा ‘तो’. दोघांत जिव्हाळा आहे, पण एक जण घोडा फेकत येतोय आणि दुसरा मान वर करायला तयार नाही. यावर सल्ला काय द्यायचा? तोच, जो नाण्यांनी दिला. भांडण पत्त्यांचं आणि नाण्यांचं नव्हतंच. भांडण होतं एका आवडत्या पत्त्याचं आणि बाकी सगळ्यांचं.

म्हणून माझा क्रम ठरलेला. पत्त्यांना विचारायचं ‘काय आहे’, नाण्यांना विचारायचं ‘मी असं केलं तर’. पत्ते माणसं दाखवतात, आय चिंग वागणुकीवर बोलतं. “त्याचं माझ्यावर प्रेम आहे का?” असं नाण्यांना विचारलं की उत्तर तुझ्याच वागण्याबद्दल येतं आणि तू ते त्याच्या नावावर खपवतेस. दोघांपुढे एकच वाक्य ठेवायचं असेल तर त्यात कृती आणि मुदत दोन्ही घालावीत: “या आठवड्यात मी मेसेज केला तर काय?”

एवढं करूनही उत्तरं खरोखर उलट येतात कधीकधी. म्हणजे ‘आमच्या दोघांत’च्या जागी थ्री ऑफ स्वोर्ड्स, काळजात तीन तलवारी, आणि नाण्यांत एकतिसावा, जो चक्क म्हणतो की मुलगी करून घेणं शुभ. तिथे मी जुळवाजुळव करत नाही. दोन्ही तारखेसकट वहीत लिहायचे आणि थांबायचं. “अजून एक पत्ता काढू का, क्लॅरिफायर?” याला माझं उत्तर ‘नाही’. तिसऱ्या क्लॅरिफायरपर्यंत टू ऑफ कप्स न मिळालेला प्रेमी मी पाहिलेला नाही. आय चिंगच्या चौथ्या हेक्साग्राममध्ये तर हे लिहूनच ठेवलंय: पहिल्यांदा विचारलंस तर सांगतो, दोनदा-तीनदा विचारणं हा त्रास आहे, त्रास देणाऱ्याला मी काही सांगत नाही.

आपल्या नमुन्यातलं शेवटचं पान राहिलं. चौथी रेघ बदलली की चौपन्नचा एकोणिसावा होतो, जवळ येणं. मोठं यश, पण पुढे शेपूट: आठवा महिना आला की अनिष्ट. अर्थ एवढाच की चढती वेळ कायमची नसते, उतार लागायच्या आत काम करून घ्या. पण हे सांगून होतंय न होतंय तोच पुढचा मेसेज येतो: “आठवा म्हणजे ऑगस्ट का?” चिनी पंचांगातला, असं मी लिहिते. “मग आपल्याकडे?” चैत्रापासून मोजला तर आठवा कार्तिक येतो. पलीकडे दोन मिनिटं शांतता, आणि मग: “अगं, पण तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तच तेव्हा सुरू होतात ना! एक पत्ता काढून बघू?”